मुक्या रीलवरची अक्षरं

शिवणक्लासच्या जाहिरातीच्या रीलमध्ये बाई मनापासून बोलत असतात. गळ्यात टेप, हातात खडू, समोर अस्तराचं कापड. बोलणं सोपं, नेमकं, वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेलं. पण ती रील समोर येते तेव्हा पाहणारी बसमध्ये असते, घरात बाळ झोपलेलं असतं किंवा ऑफिसात साहेब शेजारीच उभे असतात. मोबाइलचा आवाज बंद असतो. तिला दिसतात ते फक्त हलणारे ओठ, आणि हलत्या ओठांवर कुणी बोट थांबवत नाही.

फेसबुकने २०१३ मध्ये फीडमधले व्हिडिओ आपोआप, पण आवाजाशिवाय सुरू करायला सुरुवात केली. २०१६ मध्ये ‘डिजिडे’ या व्यावसायिक प्रकाशनाने काही माध्यमसंस्थांच्या आकडेवारीवरून लिहिलं, की त्यांचे फेसबुकवरचे सुमारे ८५ टक्के व्हिडिओ आवाज न लावताच पाहिले जातात. त्याच सुमारास फेसबुकने स्वतःच्या चाचण्यांबद्दल सांगितलं, की सबटायटल असलेल्या व्हिडिओ-जाहिराती लोक सरासरी १२ टक्के जास्त वेळ पाहतात. भारतात इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या त्या टिकटॉकवरच्या बंदीनंतर, जुलै २०२० मध्ये. रील्सच्या खास विभागात शिरलेला माणूस बहुतेकदा आवाज लावून पाहतो, हे खरं. पण क्लासची जाहिरात अशा शिरलेल्या माणसासाठी नसतेच. ती असते जाता-जाता नजर टाकणाऱ्या बाईसाठी, आणि तिच्या मोबाइलवर आवाज आहे असं गृहीत धरून चालत नाही.

म्हणून बोललेलं अक्षरांत लिहायचं. त्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत सबटायटलची फाइल वेगळी असते. पाहणारा ती चालू किंवा बंद करतो. दुसऱ्या रीतीत अक्षरं चित्रातच भाजून काढतात, म्हणजे ती चित्राच्या ठिपक्यांचाच भाग होतात. मग ती बंद करता येत नाहीत, वेगळीही काढता येत नाहीत. क्लासच्या रीलला ही दुसरी रीतच सोयीची. अशी रील इन्स्टाग्रामवर जन्मते, पण तिचा प्रवास व्हॉट्सॲपवर होतो: कुणीतरी ती उतरवून घेतं, बचत गटाच्या ग्रुपवर टाकतं, तिथून ती स्टेटसला जाते. वेगळी फाइल या प्रवासात पहिल्याच स्टेशनवर गळते. भाजलेली अक्षरं शेवटच्या मोबाइलपर्यंत जातात.

मात्र शिवणकामाच्या रीलमध्ये एक अडचण आहे, जी सिनेमाच्या सबटायटलला फारशी नसते. सिनेमात पाहणाऱ्याने ओळ वाचताना नटाचा चेहरा क्षणभर निसटला तरी बिघडत नाही. इथे मात्र चित्र हाच धडा. पट्टी कशी दुमडली, सुई नेमकी कुठे उतरली, डावा हात कापड ओढतोय की नुसता धरतोय, हे डोळ्यांनीच पाहायचं. आणि अक्षरंही त्याच डोळ्यांनी वाचायची. कान रिकामे असताना डोळ्यांवर दुप्पट काम पडतं. त्यामुळे बाई जे बोलल्या ते सगळं उतरवून काढणं हे काम नाहीच. कोणत्या क्षणी डोळ्यांना हाताकडे सोडायचं आणि कोणत्या क्षणी अक्षरांकडे बोलवायचं, याची वाटणी करणं हे खरं काम.

ही वाटणी कॅमेरा लावतानाच सुरू होते. रीलची चौकट उभी, १०८० ठिपके रुंद आणि १९२० ठिपके उंच. पण ती सगळी आपली नसते. खालच्या भागावर खात्याचं नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी चढते. उजव्या कडेला लाइक, कमेंट, शेअरची बटणं उभी राहतात. जाहिरात म्हणून चालवायच्या रीलसाठी मेटाची शिफारस अशी, की वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के भाग अक्षरांपासून मोकळे ठेवा. हिशेब केला तर वरचे साधारण २७० आणि खालचे ६७० ठिपके गेले. उरलेला पट्टा चौकटीच्या मध्यावर येतो. आणि मशीनसमोर मोबाइल उभा केला की सुई नेमकी तिथेच येते.

त्यामुळे बऱ्याच रील्समध्ये सबटायटल सुईवर बसतं, किंवा सुई वाचवायला ते खाली सरकवलं जातं आणि मग त्यावर खात्याचं नाव चढतं. उपाय एडिटिंगमध्ये नाही, चित्रीकरणात आहे. मोबाइल जरा मागे घेऊन असा धरायचा, की सुई आणि हात चौकटीच्या वरच्या निम्म्यात येतील आणि त्याखाली मशीनचा पाट किंवा टेबलाचं रिकामं लाकूड राहील. अक्षरं तिथे बसतात: मध्यापासून किंचित खाली, पण खालच्या ३५ टक्क्यांच्या वर. चित्रीकरणाआधी मोबाइलच्या पडद्यावर तेवढ्या जागी कागदाची चिकटपट्टी लावून ठेवली, तर हात त्यामागे जातोय का हे तिथल्या तिथे कळतं.

आता अक्षर किती मोठं? १०८० ठिपक्यांची रुंदी साधारण साडेसहा इंची मोबाइलवर सुमारे ६८ मिलिमीटरमध्ये मावते. म्हणजे ६४ ठिपक्यांचं अक्षर प्रत्यक्षात ४ मिलिमीटरच्या आसपास, छापखान्याच्या भाषेत ११ पॉइंटच्या थोडं वर. वर्तमानपत्राच्या मजकुराएवढं. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर एडिट करताना हेच अक्षर टोलेजंग वाटतं आणि ते लहान करायचा मोह होतो. ६४ ही खालची मर्यादा मानावी. चाळिशी ओलांडलेल्या विद्यार्थिनी हव्या असतील तर ७२ बरं.

या आकारावरून ओळीची लांबी ठरते. ती ठरवताना मराठीत एक गफलत होते, ती समजून घेण्यासारखी आहे. नेटफ्लिक्सच्या सबटायटलच्या इंग्रजी नियमांत एका ओळीला ४२ कॅरेक्टर्सची मर्यादा आहे, आणि सबटायटलची बहुतेक सॉफ्टवेअर्स याच हिशेबाने ओळ लांब झाली की इशारा देतात. पण संगणक देवनागरी मोजतो ती तुकड्या-तुकड्यांनी. ‘शिवल्यावर’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो: शि, व, ल्या, व, र. संगणकाच्या लेखी तो नऊ कॅरेक्टर्सचा आहे, कारण वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा, काना वेगळा. त्यामुळे सॉफ्टवेअरने दाखवलेला आकडा ना लांबी नीट सांगतो, ना वाचायला लागणारा वेळ. शिवाय ४२ ची मर्यादा आडव्या पडद्यासाठी घडलेली. उभ्या मोबाइलवर ६४ ठिपक्यांनी तेवढी मराठी ओळ चौकटीबाहेरच जाईल.

तेव्हा बोटांवर अक्षरं मोजावीत, जोडाक्षर एक धरून. दोन्ही कडा सोडल्या की साडेनऊशे ठिपके उरतात. उजवीकडच्या बटणांसाठी आणखी थोडी जागा सोडली, तर आठशेच्या आसपास. ६४ ठिपक्यांच्या मराठी टाइपात एक अक्षर, काना-मात्रा धरून, सरासरी पन्नास ठिपके खातं. म्हणजे एका ओळीत सोळा अक्षरं, तीन-चार शब्द. ७२ चा आकार घेतला तर चौदा. आणि एका वेळी दोनच ओळी. तिसरी ओळ आली की ती हातावर चढणार.

ओळ कुठे तोडायची, हा प्रश्न मराठीत लांबीपेक्षाही नाजूक आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘पट्टी सरळ कापडातून काढू नका’ हे वाक्य जागा संपली म्हणून दोन सबटायटलांत विभागलं, तर पहिल्यावर येतं ‘पट्टी सरळ कापडातून काढू’ आणि दुसऱ्यावर एकटं ‘नका’. पहिल्या सबटायटलनंतर जी पुढे सरकली, ती नेमकं उलटं शिकून गेली. आवाज असता तर बाईंच्या सुरावरूनच नकार येतोय हे कळलं असतं. इथे सूर नाही. म्हणून नकार क्रियापदापासून कधी तोडायचा नाही, आणि शक्य तर वाक्यच होकारात फिरवायचं: ‘पट्टी तिरक्या कापडातून काढा.’ तीच गोष्ट मापांची. ‘सव्वा’ एका ओळीच्या टोकाला आणि ‘इंच’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, असं झालं की डोळा माप जोडत बसतो.

अपूर्णांकांबाबत क्लासमधली बोली भाषा छापील चिन्हापेक्षा उपयोगी पडते. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतात, तेव्हा बारीक रेघा आधी पुसतात. पावाचं चिन्ह आणि अर्ध्याचं चिन्ह अशा वेळी सारखंच दिसायला लागतं, आणि ब्लाउजच्या गळ्यात पाव इंचाने काय होतं हे शिवणारीला सांगायला नको. ‘सव्वा’, ‘दीड’, ‘पाऊण’ हे शब्द धूसर झाले तरी एकमेकांत मिसळत नाहीत.

आता वेळ. मोठ्या प्रसारणसंस्थांचे नियम इथे पाया म्हणून घेता येतात. बीबीसीच्या मार्गदर्शिकेत वाचनाचा वेग मिनिटाला १६० ते १८० शब्द धरला आहे, म्हणजे एका शब्दाला सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त. नेटफ्लिक्सच्या नियमांत कोणतंही सबटायटल सेकंदाच्या पाच-षष्ठांशापेक्षा कमी आणि सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि दोन लागोपाठच्या सबटायटलांमध्ये निदान दोन फ्रेम्सची फट सोडायची. ही फट दिसायला क्षुल्लक. पण ती नसेल तर एकाच जागी अक्षरं बदलली हे डोळ्याच्या लक्षातच येत नाही, आणि वाचणारी जुन्या ओळीच्या भरवशावर नवी ओळ अर्धी गमावते.

इंग्रजी शब्दांचा हिशेब मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात; ‘शिवल्यानंतरसुद्धा’ हा एकच शब्द. म्हणून इथेही अक्षरंच मोजलेली बरी. शिवणाच्या रीलसाठी कामचलाऊ नियम असा करता येतो: सेकंदाला आठ अक्षरं, आणि त्यात अर्धा सेकंद अधिक. हा अर्धा सेकंद नजरेला हातावरून अक्षरांकडे येण्यासाठी. सोळा अक्षरांच्या सबटायटलला त्यामुळे अडीच सेकंद लागतात. कागद-पेन्सिल नको असेल तर ते सबटायटल एकदा नेहमीच्या वेगात मोठ्याने वाचावं. मोठ्याने वाचणं मनातल्या वाचनापेक्षा हळू असतं, त्यामुळे तेवढा वेळ बहुतेकींना पुरतो. ज्या बाईने वाक्य लिहिलं तिने मात्र ही परीक्षा घेऊ नये. तिला ते पाठ असतं.

एक रील घेऊन हे सगळं लावून पाहू. तीन महिन्यांच्या ब्लाउजच्या कोर्सची जाहिरात आहे, असं धरू. लांबी २८ सेकंद. विषय नेहमीच्या तक्रारीचा: गळा शिवून झाल्यावर कड अंगाला बसत नाही, उठून राहते. कारण सहसा पट्टीत असतं. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने सरळ कापलेली पट्टी ताणली जात नाही, म्हणून गोल गळ्याशी ती वळत नाही आणि चुण्या पडतात किंवा कड उभी राहते. कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यांना ४५ अंशांत काढलेली क्रॉस पट्टी मात्र ताणली जाते आणि वळणाला धरून बसते.

बाई कॅमेऱ्यासमोर सुरुवात करतात: ‘नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण पाहणार आहोत की ब्लाउजचा गळा शिवल्यानंतर तो उठतो, म्हणजे अंगाला नीट बसत नाही, तर तसं का होतं.’ बोलताना हे वाक्य गोड वाटतं. मोजली तर सत्तावन्न अक्षरं. सोळा अक्षरांच्या ओळीने चार ओळी, दोन पूर्ण सबटायटलं, आणि सेकंदाला आठच्या वेगाने सात सेकंदांहून अधिक. फेसबुक तीन सेकंदांपासून ‘व्हिडिओ पाहिला’ असं मोजायला लागतं; तेवढ्या वेळात ही बाई नमस्कार करून ब्लाउजपर्यंतही पोचलेल्या नसतात.

सबटायटलसाठी या वाक्यातून उरतं ते एवढंच: ‘गळा शिवल्यावर उठतो का?’ अकरा अक्षरं. बाई नमस्कार करत असल्या तरी अक्षरांनी नमस्कार करायची गरज नाही. आवाज बंद असताना ओठ आणि अक्षरं जुळतात का, हे तपासायला कुणी बसत नाही. पण आवाज चालू करणारीला दोन्ही अगदीच वेगळं वाटू नये, एवढं मात्र पाहावं. बाईंनी चित्रीकरणातच नमस्कार गाळला तर उत्तमच.

फाइलमध्ये सुरुवातीचा भाग असा दिसेल:

```
1
00:00:00,000 --> 00:00:02,300
गळा शिवल्यावर
उठतो का?

2
00:00:02,400 --> 00:00:05,200
पट्टी सरळ कापडातून
काढली असेल.

3
00:00:08,000 --> 00:00:10,800
कापड तिरकं दुमडा,
मग पट्टी कापा.

4
00:00:13,000 --> 00:00:15,000
रुंदी सव्वा इंच.
```

पहिलं सबटायटल शून्य सेकंदालाच हजर आहे. ते हळूहळू उमटत येत नाही, उडत येत नाही. रील थांबलेली असतानाही पहिल्या चित्रावर ते वाचता आलं पाहिजे. त्यामागे चित्र कसलं? बाईंच्या चेहऱ्याचं नाही, तर उठलेल्या गळ्याचं, अगदी जवळून. प्रश्न आणि पुरावा एकाच नजरेत. दोन्हींच्या मध्ये सेकंदाचा दहावा हिस्सा मोकळा आहे, म्हणजे ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत तीन फ्रेम्स.

पुढची गंमत पाच सेकंदांनंतर आहे. ५.२ पासून ८ पर्यंत पडद्यावर एकही अक्षर नाही. या पावणेतीन सेकंदांत हात कापडाचा कोपरा उचलून समोरच्या कडेला नेतात आणि तिरकी घडी पडते. ही घडीच रीलचा गाभा. ती शब्दांत सांगण्यात अर्थ नाही, ती पाहायची असते. घडी पडली, हात थांबले, की मग तिसरं सबटायटल त्यावर नाव घालायला येतं. हात चालू तेव्हा अक्षरं नाहीत आणि अक्षरं चालू तेव्हा हात थांबलेले, हा क्रम पुढेही ठेवायचा. चौथ्या सबटायटलला सहाच अक्षरं आहेत. नियमाने सव्वा सेकंद पुरला असता. पण त्याच वेळी खडू टेपवरची रेघ दाखवतोय, आणि तेही पाहायचं आहे, म्हणून दोन सेकंद.

त्यानंतर पट्टी गळ्यावर किंचित ताणून लावणं, वळणावर कात्रीने छोटे कट देणं, पट्टी उलटवणं आणि शेवटी तयार गळा. कट देण्याच्या क्षणी एक इशारा हवाच: कात्री टाक्याच्या अलीकडे थांबली पाहिजे, नाहीतर शिलाई उसवते. ‘कट टाक्याला लागू देऊ नका’ असं लिहिण्यापेक्षा ‘कट टाक्याच्या अलीकडे थांबवा’ हे लांब असूनही बरं, वर सांगितलेल्या कारणामुळे. सगळी सबटायटलं मिळून साधारण अठरा सेकंद पडद्यावर राहतात आणि दहा सेकंद पडदा मोकळा असतो. हे प्रमाण पाहून क्लास चालवणाऱ्या बाईंना वाटू शकतं, की एवढं बोललो आणि निम्मं गेलं. गेलेलं निम्मं म्हणजे ‘तर’, ‘म्हणजे’, ‘बघा’, ‘मैत्रिणींनो’ आणि जे हातांनी आधीच दाखवलं ते.

चित्र बदलतं त्या जागेवरून सबटायटल ओढून न्यायचं नाही, हा सिनेमातला जुना नियमही इथे पाळावा. एका चित्रावर सुरू झालेली ओळ दुसऱ्या चित्रावर रेंगाळली, तर ती कशाबद्दल आहे हे कळत नाही. ‘सव्वा इंच’ हे पट्टीच्या चित्रावर सुरू होऊन गळ्याच्या चित्रावर संपलं, तर गळ्याचं माप सव्वा इंच समजणारीही निघेल.

कापडाचा रंग हा या रील्सचा खास शत्रू. पांढरी अक्षरं मलमलच्या अस्तरावर विरघळतात, काळी अक्षरं गडद ब्लाउजपीसवर हरवतात आणि जरीवर काहीच दिसत नाही. लॅटिन अक्षरांसाठी अनेक जण पांढऱ्या अक्षराला काळी किनार देतात. देवनागरीत ती चाल नेहमी साधत नाही: बऱ्याच मोबाइल ॲप्समध्ये किनार प्रत्येक अक्षराभोवती सुटी काढली जाते आणि शिरोरेषेवर सांध्या-सांध्याला काळ्या खुणा दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटते. ते शून्यावरच ठेवायचं. अक्षरांमागे गडद, जवळजवळ अपारदर्शक चौकोन आणि वर पांढरी जाड अक्षरं, ही जोडी कुठल्याही कापडावर टिकते. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

टाइप कोणता, यावर वाद घालण्यापेक्षा तो ॲपमध्ये तुटतो का हे आधी पाहावं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे दोन्ही मोफत मिळतात आणि जाड वजनात मोबाइलवर छान उमटतात. ‘पट्टी, कात्री, शिवल्यावर, कोपऱ्यात’ असे चार शब्द टाकून पाहिले की ॲपची परीक्षा होते. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा हलन्त सुटा दिसला, तर ॲपला देवनागरी जुळवता येत नाही. ‘कोपऱ्यात’मधला अर्धा र रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढला, तर ॲप हिंदी जाणतं, मराठी नाही. अॅडोबीच्या प्रीमियरमध्ये असं झालं, तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं निवडावं लागतं. आणि एकेक अक्षर उडत येण्याची अॅनिमेशनं मराठीत वापरूच नयेत, कारण तिथे संगणक पुन्हा वेलांटी आणि हलन्त सुटे उडवतो.

शब्दामागून शब्द रंगत जाणारी सबटायटलं हल्ली लोकप्रिय आहेत. त्यांचं भारतातलं एक गंभीर पूर्वरूप आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९९६ मध्ये ब्रिज कोठारी यांनी कल्पना मांडली, की सिनेमाच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दाखवायच्या आणि गायला जाणारा शब्द रंगवत न्यायचा, म्हणजे जेमतेम अक्षरओळख असलेल्यांचं वाचन सुधारेल. १९९९ मध्ये गुजराती ‘चित्रगीत’पासून ती दूरदर्शनवर उतरली. तिथे रंग बदलण्याला अर्थ होता, कारण कानावर पडणारा शब्द आणि डोळ्यापुढचा शब्द यांची गाठ घालायची होती. मुक्या रीलमध्ये कानावर काहीच पडत नाही. तिथे रंगणारा शब्द हाताकडे गेलेली नजर पुन्हा-पुन्हा ओढून आणतो, आणि घडी पाहायची राहते.

शेवटचं सबटायटल क्लासबद्दल असतं, आणि इथेच सगळ्यात महागडी गोष्ट घडते. उत्साहाने फी, बॅचची तारीख, फोन नंबर, पत्ता, ‘फक्त पाच जागा’ हे सगळं चित्रात भाजलं जातं. बॅच सुरू होऊन जाते. रील मात्र व्हॉट्सॲपवर महिनोन् महिने फिरत राहते, आणि जुन्या फीवर अडून बसणाऱ्या बायकांचे फोन येतात. चित्रात टिकाऊ तेवढंच ठेवावं: ‘ब्लाउज शिकायचाय? खाली माहिती वाचा.’ व्हॉट्सॲपसाठी क्लासचं नाव आणि गाव असावं, कारण तिथे ‘खाली’ काहीच नसतं. तारखा आणि फी इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिहायची, तो नंतर बदलता येतो. त्याच मजकुरात धड्याचा सारांशही लिहावा. मोबाइल बोलका करून वापरणाऱ्या अंध व्यक्तीला भाजलेली अक्षरं ऐकू येत नाहीत. तो मजकूर ऐकू येतो. इन्स्टाग्रामची स्वतःची आपोआप येणारी सबटायटलं मात्र बंद करायची, नाहीतर एकावर एक दोन थर चढतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत.

चढवण्याआधीची तपासणी सोपी आहे. तयार रील व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या, जरा जुन्या मोबाइलवर पाठवायची. आवाज बंद, उजेड निम्मा, मोबाइल हातभर लांब. शिवण न शिकलेल्या कुणाला तरी एकदाच दाखवायची आणि विचारायचं: पट्टी किती रुंद कापायची? उत्तर आलं नाही, तर चौथं सबटायटल कमी वेळ टिकलं. ‘कशी कापायची?’ या प्रश्नावर ती बोटाने हवेत तिरकी रेघ ओढून दाखवत नसेल, तर तिसरं सबटायटल घडी पूर्ण होण्याआधीच आलं आणि नजर अक्षरांवर गेली.

आणि अक्षरं नसलेली कोरी प्रत व सबटायटलची फाइल जपून ठेवायची. ‘सव्वा’च्या जागी ‘दीड’ भाजलं गेलं आणि रील चढून दोन दिवस झाले, तर इन्स्टाग्रामवर व्हिडिओ बदलता येत नाही. मजकुरात दुरुस्ती लिहिता येते, कमेंट वर पिन करता येते. पण आवाज बंद ठेवून पाहणारी कमेंटपर्यंत क्वचितच जाते. मापाची चूक असेल तर रील काढून, मिळालेली दाद सोडून देऊन, कोऱ्या प्रतीवर नव्याने अक्षरं भाजून पुन्हा चढवावी लागते. कोरी प्रत हाताशी असेल तर हे काम अर्ध्या तासाचं. ती नसेल, तर पुन्हा कापड आणा, पुन्हा गळा कापा आणि पुन्हा मोबाइल उभा करा.